काकडी, मीठ आणि ३ गुण: एकाच उत्तराला एकाने १ दिला, दुसऱ्याने ३

वर्गशिक्षिका_८ब (धागाकर्ती) | शनिवार, संध्याकाळी ६:४०

नमस्कार मंडळी. सोलापुरात मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. यंदा आम्ही काही शाळांच्या शिक्षकांनी मिळून आठवीची सामाईक चाचणी काढली आणि पेपर अदलाबदल करून तपासले, म्हणजे कुणाच्याच हातात स्वतःच्या वर्गाचा गठ्ठा नको. त्यातल्या थोड्या उत्तरपत्रिका नमुना म्हणून दोघांनी वेगवेगळ्या तपासल्या. बाकी प्रश्नांत अर्ध्या गुणाचा फरक आला, तो चालायचाच. एका प्रश्नावर मात्र गाडी अडलीय.

प्रश्न (३ गुण): काकडीच्या चकत्यांवर मीठ घालून ठेवले असता थोड्या वेळाने ताटलीत पाणी जमा होते व चकत्या मऊ पडतात. असे का होते ते स्पष्ट करा.

उत्तरसूचीत तीन ओळी होत्या, प्रत्येकी १ गुण:
बाहेरचे द्रावण अतिपरासारी असते.
निवडक्षम पारपटलातून पाणी बाहेर येते (बहि:परासरण).
पेशी आकसतात म्हणून चकत्या मऊ होतात.

आता हे उत्तर अ, जसंच्या तसं:

"काकडीवर मीठ टाकल्यावर मीठ काकडीतले पाणी ओढून घेते. बाहेर मीठ जास्त आहे आणि आत कमी आहे म्हणून पाणी जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जाते. याला परासरण म्हणतात. पेशीतील पाणी गेल्यामुळे पेशीभित्तिका आकसते आणि काकडी मऊ होते."

एका सरांनी ३ पैकी ३ दिले, शेरा "छान". दुसऱ्या बाईंनी १ दिला, शेरा "संकल्पना स्पष्ट नाही".

आणि हे उत्तर ब:

"बाहेर मीठचा पाणी घट्ट आहे. आतमध्ये पाणी जास्त. पाणी पडदामधून बाहेर गेला. पेशी ढिला झाला."

इथे उलटं झालं. सरांनी १ दिला, बाईंनी अडीच.

दोन्हींना किती द्याल? आणि नुसता आकडा नको, कुठल्या वाक्याला कशासाठी तेही सांगा. सरासरी काढा असं कृपया सुचवू नका, ते स्टाफरूममध्ये ऐकून झालंय.

होटगीरोड | शनिवार, रात्री ८:०५

मी क्लास घेतो, आठवी ते दहावी. माझ्या मते यात अवघड काहीच नाही. उत्तरसूचीतले महत्त्वाचे शब्द अधोरेखित करायचे: अतिपरासारी, निवडक्षम पारपटल, बहि:परासरण, आकसणे. शब्द दिसला की गुण, नाही दिसला की नाही. तपासणाऱ्याची मर्जी त्यात येतच नाही, म्हणून फरकही पडत नाही.

अ मध्ये "परासरण" आणि "आकसते" आहे. बहि:परासरण पूर्ण नाही म्हणून अर्धा, आकसते १. एकूण दीड. ब मध्ये एकही शब्द नाही. एखादा गुण दयेचा द्या हवा तर.

कडकभाकरी | शनिवार, रात्री ८:३०

सर, म्हणजे पोरानं शब्द पाठ केले की काम झालं म्हणायलाव काय? आमच्या पोरीला दहावीला विज्ञानात असंच झालं. सगळं बरोबर लिहिलेलं, गुण कापलेले. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायचा विचार होता, पण घरातलेच म्हणाले जाऊ दे. आता ती अकरावीत आहे. अजून करता येतं का?

सुगरण_नवीपेठ | शनिवार, रात्री ९:१२

काकडीला मीठ लावून चोळलं की कडूपणा निघून जातो, हे कुणीच कसं लिहिलं नाही? आणि ते पाणी फेकून देऊ नका, कोशिंबिरीत घाला. शेंगदाण्याचं कूट वरून.

वर्गशिक्षिका_८ब | शनिवार, रात्री ९:२०

@सुगरण, ताई, कोशिंबीर छानच होईल, पण इथे आम्ही पेपर तपासतोय :)

@कडकभाकरी, त्याची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. आधी छायाप्रत घ्यावी लागते, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज. गेल्या वर्षीच्या निकालासाठी आता होणार नाही.

लालपेन | रविवार, सकाळी ७:१५

मी बरीच वर्षं परीक्षक होतो आणि नंतर नियामक म्हणूनही काम केलं. आता निवृत्त आहे. सकाळी चहाबरोबर हा धागा वाचला.

होटगीरोड सरांचं एक म्हणणं बरोबर आहे. मर्जी कमी करायची तर गुण कशाला ते आधी ठरलेलं हवं. पण शब्दाला गुण बांधला की काय होतं ते पाहा. समजा एखाद्याने असं लिहिलं: "निवडक्षम पारपटलातून मीठ आत जाते, या बहि:परासरणामुळे काकडी अतिपरासारी होते व आकसते." तुमचे चारही शब्द हजर. तीनपैकी तीन. आणि शेवटचं "आकसते" सोडलं तर यातलं एकही विधान खरं नाही. अशी उत्तरं काल्पनिक नाहीत, शब्द पाठ करून घेतलेल्या वर्गाच्या गठ्ठ्यात ती सापडतातच.

त्यामुळे गुण विधानाला द्यायचा. कशापासून कशाकडे, कशामधून, कशामुळे. शब्द कुठला वापरलाय हा नंतरचा भाग.

पण बाई, खरी अडचण उत्तरांत नाही, तुमच्या उत्तरसूचीत आहे. दुसरी ओळ पुन्हा वाचा: "पाणी बाहेर येते". हे तर प्रश्नातच दिलंय, ताटलीत पाणी जमा होतं म्हणून. तिसऱ्या ओळीतलं "मऊ होतात" तेही प्रश्नातच आहे. प्रश्नात दिलेली गोष्ट परत लिहिली की गुण नाही, हा साधा नियम. तो सूचीत नसल्यामुळे एका परीक्षकाने परत लिहिण्यालाही गुण दिला असणार आणि दुसऱ्याने नाही. तुमचा तीन विरुद्ध एक बराचसा इथूनच आलाय.

मी ती सूची अशी लिहीन.

पहिला गुण: बाहेरचं द्रावण पेशीच्या आतल्यापेक्षा जास्त तीव्र आहे, किंवा आत पाण्याचं प्रमाण जास्त आणि बाहेर कमी. कुठल्याही शब्दांत. तुलना मात्र दिसली पाहिजे. "अतिपरासारी" एवढंच लिहिलं आणि कोण अतिपरासारी ते लिहिलं नाही तर गुण नाही.

दुसरा गुण, अर्धा अर्धा: पाणी जिथे पाणी जास्त तिथून जिथे कमी तिकडे जातं हे अर्धा, ते पेशीच्या पटलातून जातं हे अर्धा.

तिसरा गुण: पेशीतलं पाणी कमी झाल्याने पेशीचा ताठपणा जातो. पेशी ढिली पडते, आतला भाग भित्तिकेपासून सुटतो, असं काहीही चालेल. "काकडी मऊ होते" एवढंच असेल तर शून्य.

आता उत्तर अ. "मीठ पाणी ओढून घेते" याकडे दुर्लक्ष. गुण नाही आणि वजाही नाही. "बाहेर मीठ जास्त, आत कमी" ही तुलना झाली, पहिला गुण पूर्ण. दुसऱ्या गुणाचं पुढे बोलतो, तिथे वाद होईल. "पेशीतील पाणी गेल्यामुळे... मऊ" यातून कारण जोडलंय, तिसरा गुण मी देईन. मधे "भित्तिका" लिहिलंय, त्याबद्दल वनस्पतिशास्त्राचं कुणी असेल तर बोलावं.

दुसरा गुण. "पाणी जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जाते." संहती कशाची? पाण्याची म्हणाल तर वाक्य बरोबर. मिठाची म्हणाल तर पार उलटं. मुलाने सांगितलं नाही, मग संशयाचा फायदा द्यायचा का? मी त्याच्या अलीकडचं वाक्य पाहतो. "बाहेर मीठ जास्त आहे आणि आत कमी आहे म्हणून". त्या "म्हणून"ने संहती मिठाला जोडून टाकली. तसं वाचलं तर पाणी बाहेरून आत जायला हवं, आणि हाच मुलगा पहिल्या वाक्यात पाणी बाहेर येतं म्हणतोय. विसरणाची व्याख्या पाठ होती, ती इथे चिकटवली, असं मला दिसतं. पहिला अर्धा नाही. पटलाचा उल्लेखच नाही, दुसरा अर्धाही नाही.

अ ला २. ब बद्दल संध्याकाळी लिहितो, आता बाजारात जायचंय.

होटगीरोड | रविवार, सकाळी ९:५०

लालपेन सर, तुमचं ते चार शब्दांचं चुकीचं उदाहरण मान्य. ते मी धरलं नव्हतं. पण "याला परासरण म्हणतात" याला काहीच नाही? मुलाला क्रियेचं नाव माहीत आहे आणि ते बरोबर आहे. अर्धा तरी पाहिजे. म्हणजे अडीच.

लालपेन | रविवार, दुपारी १:३०

"या क्रियेचे नाव सांगा" असा प्रश्न असता तर नावाला गुण दिला असता. इथे "स्पष्ट करा" आहे. नाव ठेवल्याने गोष्ट स्पष्ट होत नाही. माझ्या मते शून्य. पण हे ठरवण्यावर आहे. सूचीत आधी लिहून सगळ्यांनी अर्धा दिला तर मी भांडणार नाही. निम्म्यांनी द्यायचा आणि निम्म्यांनी नाही, ते नको.

रिक्तिका | रविवार, दुपारी ३:०५

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. भित्तिकेबद्दल लिहिते, कारण बहुधा त्या बाईंनी अ चा तिसरा गुण यावरच कापला असावा.

वर्गात आपण सांगतो की भित्तिका कडक असते, आकसत नाही, आतलं प्रद्रव्यपटल आकसून भित्तिकेपासून सुटतं. सूक्ष्मदर्शकाखाली तीव्र मिठाच्या पाण्यात कांद्याची साल ठेवली की तसंच दिसतं. पण ती नंतरची पायरी आहे. ताज्या काकडीच्या पेशीत आतलं पाणी भित्तिकेला बाहेर ढकलत असतं, त्यामुळे भित्तिका किंचित ताणलेली असते. पाणी जायला लागलं की आधी तो ताण उतरतो आणि भित्तिका खरोखरच थोडी आत येते. चकती मऊ लागायला सुरुवात याच टप्प्यावर होते. पटल सुटणं त्याच्या पुढचं.

म्हणजे "भित्तिका आकसते" हे वाक्य धडधडीत खोटं नाही. मुलाला हे माहीत होतं असं मी म्हणत नाही, त्याने बहुधा पटल आणि भित्तिका यांत गल्लत केली असेल. पण जे विधान वनस्पतिशास्त्राचा माणूस पूर्ण नाकारू शकत नाही, त्यासाठी आठवीच्या मुलाचा गुण कापू नये. दुर्लक्ष करा आणि तिसरा गुण द्या.

उलट त्याने "भित्तिकेतून पाणी जाऊ शकत नाही" असं काही लिहिलं असतं तर ते सरळ चूक. भित्तिकेतून पाणी जातं आणि मीठही जातं. अडवणूक पटलापाशी होते.

पुणेकर_मूळ_सोलापूर | रविवार, दुपारी ४:२०

इथे पुण्यात मी केंब्रिजच्या अभ्यासक्रमाची शाळा धरलीय. तिथल्या गुणदान योजनेत प्रत्येक मुद्द्यासमोर "स्वीकारा", "नाकारा" आणि "दुर्लक्ष करा" असं स्पष्ट लिहिलेलं असतं. लालपेन सर जे तोंडी सांगतायत तेच, फक्त कागदावर. या प्रश्नाला मी असं लिहिलं असतं:

स्वीकारा: पडदा, आवरण, पातळ पापुद्रा (पटलासाठी), घट्ट, दाट, खारट जास्त (तीव्र द्रावणासाठी).
दुर्लक्ष करा: मीठ पाणी ओढते, पाणी सुटते, भित्तिका आकसते.
नाकारा: मीठ पाण्याबरोबर बाहेर येते, पाणी आत जाते, संहती कशाची ते न सांगता "जास्तीकडून कमीकडे".

सगळ्यात महत्त्वाचा फरक दुर्लक्ष आणि नाकारा यांत आहे. दुर्लक्ष म्हणजे ते वाक्य नसल्यासारखं पुढे वाचायचं. नाकारा म्हणजे त्या मुद्द्याचा गुण जातो, शेजारी बरोबर वाक्य असलं तरी. नाहीतर मुलं दोन्ही बाजूंनी लिहून ठेवतात, "पाणी आत किंवा बाहेर जाते", आणि हवं ते तुम्ही निवडा!

एक शंका. पहिल्या मुद्द्यात दिशा चुकली आणि पुढे त्या चुकीशी सुसंगत लिहिलं, "पाणी आत गेले म्हणून पेशी फुगली", तर गणितात आम्ही चूक पुढे नेल्याचे गुण देतो. इथे देता येतील का? मला वाटतं नाही, पण कारण नीट मांडता येत नाहीये.

लालपेन | रविवार, संध्याकाळी ६:१०

नाहीच. गणितात मुलाला उत्तर माहीत नसतं, म्हणून चुकीच्या आकड्यावरची बरोबर रीत आपण मानतो. इथे शेवट प्रश्नातच दिलाय, चकत्या मऊ पडतात. "फुगली" लिहिणाऱ्याने प्रश्नच वाचला नाही.

आता ब. मी हे उत्तर तीनदा वाचलं आणि दर वेळी जास्त आवडलं. "बाहेर मीठचा पाणी घट्ट आहे. आतमध्ये पाणी जास्त." तुलना दोन्ही बाजूंनी केलीय, पहिला गुण. "पाणी पडदामधून बाहेर गेला." आत पाणी जास्त असं आधी सांगून मग बाहेर गेला म्हणतोय, म्हणजे जास्त पाण्याकडून कमी पाण्याकडे हे आलं. अर्धा. पडदा म्हणजे पटल, आणखी अर्धा. "पेशी ढिला झाला", तिसरा गुण. ३ पैकी ३.

या मुलाने मिठाचं नाही, पाण्याचं प्रमाण पाहिलंय. अ ला नेमकं तेच जमलेलं नाही.

होटगीरोड | रविवार, संध्याकाळी ६:४५

"मीठचा पाणी", "पाणी गेला", "पेशी ढिला". हे ३ पैकी ३? मग मराठी कधी सुधारणार?

पूर्वभाग | रविवार, रात्री ८:००

सर, मी पूर्व भागातल्या शाळेत आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. पाणी "गेलं" की "गेला" यात ती मुलं दहावीपर्यंत अडखळतात. हे उत्तर वाचलं आणि मला माझाच वर्ग दिसला. मराठीचा पेपर वेगळा आहे ना? तिथे कापा. विज्ञानाच्या पेपरात विचारायचं एवढंच की अर्थ एकच निघतो का. "पाणी पडदामधून बाहेर गेला" यातून दुसरा कुठला अर्थ निघतोय का?

अ चं मराठी स्वच्छ आहे आणि अर्थ दोन निघतात. ब चं मोडकं आहे आणि अर्थ एकच. मी ब ला ३ देईन आणि "पडदा"वर गोल करून समासात "प्रद्रव्यपटल" लिहून देईन. शिकवायचं तिथे शिकवायचं, गुण तिथून कापायचा नाही.

कडकभाकरी | रविवार, रात्री ८:२५

ह्ये बरोबर बोललाव मॅडम. आमच्या गल्लीत तीन भाषा एका वाक्यात चालतात बघा.

होटगीरोड | रविवार, रात्री ८:४०

भाषेचं ठीक, सोडतो. पण "पडदा" निवडक्षम आहे हे कुठे आलंय? मुद्दा तोच तर आहे. नुसता पडदा म्हणजे काय, गाळणं? मीठ का येत-जात नाही ते कसं कळणार? माझे अडीच.

रिक्तिका | रविवार, रात्री ९:३०

हा आक्षेप मला योग्य वाटतो, म्हणजे शास्त्र म्हणून. पटल निवडक्षम नसतं तर हा प्रकार घडलाच नसता. उकडलेल्या बटाट्याची वाटी करून पाण्यात ठेवली आणि आत मीठ घातलं तर कच्च्या बटाट्याच्या वाटीसारखं पाणी चढत नाही, कारण उकडल्यावर पटलं निकामी होतात. हा प्रयोग शाळेतही करता येतो. आणि काकडीचीच मऊ पडलेली चकती, फार वेळ झाला नसेल तर, साध्या पाण्यात टाका. पुन्हा बऱ्यापैकी कडक होते. पटल शाबूत आहे म्हणूनच ती कडक होऊ शकते.

गंमत म्हणजे ताटलीतलं अगदी सुरुवातीचं पाणी परासरणाचं नसतंच. सुरीने कापलेल्या पेशींचा रस असतो तो, मीठ त्यातच विरघळतं आणि तीव्र द्रावण तयार होतं. परासरण त्याच्या खालच्या अखंड पेशींतून सुरू होतं. हे कुणी आठवीत लिहिलं तर मी त्याला कॉलेजातच घेऊन येईन.

पण "निवडक्षम" हा शब्द लिहिला म्हणजे मुलाला हे सगळं कळलं का? नाही. अ आणि ब दोघांनाही ते कळलेलं असेल असं मला वाटत नाही. मग प्रश्न असा होतो की आठवीला या अर्ध्या गुणासाठी नेमकं काय मागायचंय. पटलाचा उल्लेख, की पटलाचं काम?

लालपेन | सोमवार, सकाळी ७:०५

पटलाचं काम मागायचं असेल तर प्रश्न तसा विचारला पाहिजे होता. "मीठ आत का जात नाही?" असा एक उपप्रश्न घातला असता तर उत्तर आलं असतं. विचारलं नाही त्याचा गुण कापणं अन्याय आहे. मी उल्लेखावर अर्धा देतो.

आणि बाई, आता सूची बदलली तर जुने तपासलेले सगळे पेपर या प्रश्नापुरते परत काढा. नुसते वादातले नाहीत, सगळे. एकाच बैठकीत फक्त हाच प्रश्न, सगळ्या पेपरांत. नावाच्या पानावर कागद दुमडून. गठ्ठा संपला की सुरुवातीचे थोडे पेपर पुन्हा पाहा. माणूस सुरुवातीला कडक असतो आणि चाळिसाव्या काकडीला सैल होतो, किंवा उलट. तुमच्या त्या सरांचा "छान" कितव्या पेपरावर आलाय ते बघा, मला उत्सुकता आहे.

वर्गशिक्षिका_८ब | बुधवार, रात्री ९:१५

आज शाळा सुटल्यावर सगळे बसलो. लालपेन सरांची सूची आणि पुणेकरांचे तीन रकाने असं जोडून एक पान केलं आणि सगळ्या पेपरांतला तेवढाच प्रश्न पुन्हा तपासला. वीस-पंचवीस उत्तरं आधी नुसती वाचली, गुण न देता, आणि त्यातले शब्द रकान्यांत टाकत गेलो. "काकडी घाम सोडते" हे दुर्लक्षमध्ये गेलं. "मिठाला तहान लागते" हेही.

अ ला आता दोघांनीही वेगवेगळं तपासून २ दिले. सर म्हणाले की पहिल्यांदा वाचताना "परासरण" शब्द दिसला आणि शेवट बरोबर वाटला, मधलं वाक्य डोळ्यांखालून गेलंच नाही. ब ला एकाने ३, एकाने अडीच.

परासरण या नावाला अर्धा द्यायचा की नाही यावर बराच वेळ गेला. शेवटी द्यायचा नाही असं ठरलं, पण दोघांना ते पटलेलं नाही आणि त्यांनी तसं कागदावर लिहायला लावलंय. निवडक्षमचा मुद्दा सुटला नाही. यंदा उल्लेखावर अर्धा, पुढच्या चाचणीत उपप्रश्न घालणार.

बहुतेक पेपरांत फरक अर्ध्यावर आला. पण गुण सरसकट वाढले नाहीत हे सांगते, कारण पालक तसं समजतील. कितीतरी मुलांचे कमी झाले. "जास्तीकडून कमीकडे" लिहिलेली उत्तरं भरपूर निघाली आणि त्यातली बरीचशी एकाच वाक्यरचनेची होती. कुठल्यातरी नोट्समधली असणार.

होटगीरोड | बुधवार, रात्री ९:४०

माझ्या नोट्समध्ये "पाण्याच्या जास्त प्रमाणाकडून" असंच आहे. आत्ताच उघडून बघितलं :)

वर्गशिक्षिका_८ब | बुधवार, रात्री ९:५५

तुमचं नाव कुणी घेतलं नाही हो सर :)

एक नवीनच प्रकार मात्र समोर आलाय. एका मुलीने एकही वाक्य लिहिलेलं नाही, फक्त आकृती काढलीय. चौकोनी पेशी, बाहेर खूप ठिपके आणि त्यांना "मीठ" असं नाव, आत थोडे ठिपके. आतून बाहेर जाणारा बाण, त्यावर "पाणी". बाण एका आतल्या रेघेतून जातो, त्या रेघेला "पटल" असं नाव दिलंय. खाली काही नाही. किती?

लालपेन | गुरुवार, सकाळी ७:१०

प्रश्नात आकृती मागितली नाही, पण नाकारलीही नाही. नाव दिलेला बाण म्हणजे विधानच. ठिपके कमी-जास्त ही तुलना, पहिला गुण. पटलातून बाण, अर्धा. पाणी जास्त तिकडून कमी तिकडे हे ठिपक्यांवरून ओढूनताणून काढावं लागतं, पण दिशा आणि ठिपके दोन्ही एकमेकांशी जुळतात, म्हणून मी अर्धा देईन. दोन झाले. तिसऱ्यासाठी एक सांगा, ती आतली रेघ बाहेरच्या चौकोनाला सगळीकडे चिकटलीय की कुठे सुटलीय?

वर्गशिक्षिका_८ब | गुरुवार, सकाळी ७:५०

दोन कोपऱ्यांत सुटलीय. मुद्दाम काढल्यासारखी वाटते, खोडून पुन्हा काढलीय. मूळ रेघ चिकटलेलीच होती, तिची खूण दिसते.

रिक्तिका | गुरुवार, सकाळी ८:२०

खोडून सोडवली असेल तर तिला माहीत आहे ती काय दाखवतेय. तिसरा द्या.

होटगीरोड | गुरुवार, सकाळी ८:३५

मी नाही देणार. खोडलेल्या रेघेवरून तिच्या मनातलं वाचायला लागलो तर मग अ च्या "संहती"तही वाचा ना मनातलं. २.